आधी माहितीपत्रक, मग पद्धत

संशोधनाची पद्धत ठरवणं हे संशोधकाचं काम आणि संमतीपत्र तपासणं हे एथिक्स कमिटीचं, असं मी अनेक वर्षं ठामपणे मानत आले. गटचर्चा घ्यायची की एकेकीची मुलाखत, कुठे घ्यायची, कोणत्या महिन्यात घ्यायची, असं कमिटीने विचारलं की मला ती ढवळाढवळ वाटायची. विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगत असे: पद्धतीचं समर्थन विषयतज्ज्ञांसाठी लिहा, संमतीचा भाग कमिटीसाठी. आज मी हे मानत नाही. मत कशामुळे फिरलं ते ज्या प्रपोजलमुळे फिरलं त्याच्याच आधारे सांगते.

प्रपोजल ऊसतोड कामगार बायकांबद्दलचं होतं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. किती शस्त्रक्रिया झाल्या याची चर्चा बरीच झाली होती. आम्हाला जाणून घ्यायचं होतं की निर्णय होतो कसा. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि पिशवी काढून परत येते, या दोन टोकांच्या मधे डॉक्टर काय बोलतो, घरात कोण काय म्हणतं, पैसा कुठून उभा राहतो आणि हंगामात खाडा पडू नये ही धास्ती त्यात किती असते?

खाडा म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची. दुखणं असो, पाळी असो, कामावर गेलं नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय अनेक टोळ्यांमधे वर दंडही कापतात. हंगाम संपला तरी बऱ्याचदा उचल फिटलेली नसते आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे मुकादमाशी बाईचा संबंध तळावरून गावी परतल्यावरही तुटत नाही.

आमची मूळ योजना अशी होती की हंगाम चालू असताना कारखान्याच्या तळावर, खोप्यांपाशी संध्याकाळी आठ-दहा बायकांची गटचर्चा घ्यायची. समर्थनाचा परिच्छेद मला पाठच होता: ‘सहभागींमधील परस्परसंवादातून सामूहिक अनुभवांचे बहुपदरी आकलन होण्यासाठी गटचर्चा हे साधन विशेष उपयुक्त ठरते.’ जोखमीचा परिच्छेदही तसाच तयार होता: ‘सहभागींना किमान जोखीम संभवते. मानसिक अस्वस्थता जाणवल्यास समुपदेशनाची सोय केली जाईल. संपूर्ण गोपनीयता राखली जाईल.’

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एथिक्स कमिटीवर डॉक्टर, कायद्याचे जाणकार, समाजशास्त्रज्ञ यांच्याबरोबर एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आमच्या कमिटीवर त्या जागी एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘या गटात बसणाऱ्या बायका एकमेकींच्या कोण लागतात?’’ मी खरं ते सांगितलं. टोळी बहुधा भावकीतून आणि सोयऱ्यांतून जमते. जावा असतात, नणंद-भावजया असतात, मुकादमाच्या घरातलीही एखादी असते. ‘‘मग संपूर्ण गोपनीयता राखली जाईल असं लिहिलंय, ती राखणार कोण?’’ बाईंचा पुढचा प्रश्न. प्रपोजल परत आलं. अट अशी होती की ऊसतोड बाईला वाचून दाखवाल त्याच शब्दांत जोखीम लिहा आणि पद्धतीचं समर्थन त्या मजकुराशी जुळवून पुन्हा लिहा.

पहिला भाग मला मान्य होता. दुसऱ्याने मी चिडले. भाषा सोपी करून देईन, पण पद्धतीला त्यासाठी हात कशाला लावायचा? या तक्रारीसकट मी माहितीपत्रक लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले.

‘तुम्ही जे सांगाल ते बाहेर जाणार नाही.’ गटचर्चेसाठी हे वाक्य मला लिहिता येईना, कारण ते खरं नव्हतं. मी फक्त माझ्यापुरतं आणि माझ्या सहकाऱ्यांपुरतं बोलू शकत होते. खरं वाक्य असं झालं: ‘आम्ही कुणाला सांगणार नाही. पण इथे बसलेल्या बाकीच्या बायका बाहेर बोलणार नाहीत, याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.’ त्यातून पुढचं वाक्य आपोआप आलं: ‘तुम्ही बोललेलं मुकादमाच्या कानावर गेलं, तर पुढच्या हंगामाची उचल देताना तो तुम्हाला अडवू शकतो.’ आणि मग तिसरं: ‘तुमच्या नवऱ्याला किंवा सासरच्यांना कळलं, तर घरात भांडण होऊ शकतं.’

ही तीन वाक्यं एकाखाली एक वाचली आणि माझं समर्थन तिथेच कोसळलं. बहुपदरी आकलन मला मिळणार होतं, उचल तिची अडणार होती. ‘किमान जोखीम’ हा शब्दही टिकेना. आयसीएमआरच्या व्याख्येत किमान जोखीम म्हणजे सर्वसाधारण निरोगी माणसाला रोजच्या जगण्यात असते त्याहून जास्त नसलेली. वर्षाचं पोट ज्या उचलीवर आहे ती धोक्यात येणं त्यात बसत नाही. आम्ही अभ्यास त्यावरच्या, किमानपेक्षा थोड्या अधिक जोखमीच्या गटात टाकला.

मग एकेक प्रश्न उलटा सुटत गेला. तळावर जायचं तर मुकादमाची परवानगी लागते. त्याने एकदा ‘बसा गं सगळ्या’ म्हटलं की एकही बाई नाही म्हणू शकत नाही. आम्ही मागतो ती त्याची परवानगी आणि कागदावर नोंदतो ती तिची संमती. म्हणून तळ सोडला. हंगाम संपून बायका गावी परतल्यावर आणि नव्या उचलीची बोलणी जोरात सुरू होण्याआधी, असा काळ धरला. मुकादमामार्फत कुणालाही निरोप धाडायचा नाही असं ठरवलं. वैयक्तिक अनुभव फक्त एकेकीच्या मुलाखतीत, ती सांगेल त्या जागी. गटचर्चा पूर्ण सोडली नाही, पण तिच्यात कुणाच्याही शरीराबद्दल विचारायचं नाही. कामाचा दिवस कसा जातो, तळावर पाण्याची आणि आडोशाची सोय काय, खाडा कसा धरतात, एवढंच.

यात आम्ही काय गमावलं तेही समर्थनात लिहिलं, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एकीने आठवण काढली की दुसरीला सुचतं, ते मुलाखतीत होत नाही. तळावरचं जगणं डोळ्यांनी दिसत नाही. काही महिन्यांपूर्वीचं आठवून सांगताना तपशील निसटतात. जुन्या परिच्छेदात गटचर्चेची फक्त थोरवी होती. नव्यात सरळ लिहिलं की या प्रश्नाचं उत्तर मिळवण्याची याहून भरघोस रीत आहे, पण ती बाईला महाग पडते, म्हणून आम्ही कमी माहितीवर समाधान मानतो आहोत.

सहीचा प्रश्न मला आधी दिसलाच नव्हता. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला की एक यादी तयार होते. पिशवी काढण्याबद्दल कोण कोण बोललं, हे सांगणारी. मुलाखतीवर नाव न घालता सांकेतिक क्रमांक दिला तरी नावांचा हा गठ्ठा कपाटात राहतोच. शिवाय जिला वाचता येत नाही तिच्यासाठी निष्पक्ष, साक्षर साक्षीदार लागतो, आणि गावात असा माणूस शोधायला गेलं की तो कुणाचा तरी दीर किंवा पुतण्या निघतो. सही हाच धोका असेल तर तोंडी संमती चालेल का, अशी विनंती कमिटीकडे करता येते. ती आम्ही कारणांसह केली. साक्षीदार म्हणून बाहेरगावची एक बाई बरोबर न्यायची, तिने माहितीपत्रक वाचताना आणि बाईने होकार देताना हजर राहायचं, आणि मुलाखत सुरू व्हायच्या आधी उठून जायचं. माहितीपत्रकाची प्रत मागितली तरच द्यायची, कारण घरात पडलेला कागद शाळेत जाणारं पोर मोठ्याने वाचतं.

कमिटीच्या परवानगीने आम्ही हे माहितीपत्रक काही बायकांना नुसतं वाचून दाखवलं, समजतंय का ते पाहण्यासाठी. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात, म्हणून तो प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी विचारलं, ‘‘मुकादमाला कळलं तर काय होऊ शकतं, असं आम्ही म्हणालो?’’ एकीने सांगितलं, ‘‘उचल देणार नाही.’’ दुसरी म्हणाली, ‘‘पण तुम्ही मुकादमाला सांगणारच नाही म्हणालात की.’’ तिच्यासाठी ते वाक्य पुन्हा लिहावं लागलं. आम्ही काय करणार आणि आमच्या हातात नसलेलं काय होऊ शकतं, हे एकाच वाक्यात कोंबल्यामुळे तिने अर्धंच धरलं होतं.

कायद्याचा मुद्दा सगळ्यात अवघड गेला. बायका लवकर झालेल्या लग्नांबद्दल बोलणारच. 2017 पासून अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कार धरला जातो, आणि पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना कळवावी लागते. संशोधकाला त्यातून सूट नाही. अठरा वर्षांवरच्याच बायका घेतल्या तरी प्रश्न सुटत नाही, कारण आई लेकीबद्दल बोलते. ‘संपूर्ण गोपनीयता’ लिहून हे दडवणं म्हणजे बाईला न सांगता तिच्या घरात पोलीस आणण्यासारखं होतं. म्हणून सुरुवातीलाच वाचायचं वाक्य असं झालं: ‘आज अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न झालंय आणि ती नांदतेय, असं तुम्ही सांगितलंत, तर मला ते पोलिसांना कळवावं लागेल. त्यामुळे ते सांगायचं की नाही, हे आधी ठरवा.’

हे वाक्य ठेवलं तर लवकर लग्न आणि लवकर शस्त्रक्रिया यांचा धागा आमच्या हातून निसटेल, असं माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरही होतं. चाचणीत वाक्य ऐकल्यावर एक बाई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘मग लेकीचं सोडून बाकी सगळं सांगीन.’’ समर्थनाच्या मर्यादांमधे आम्ही त्याप्रमाणे भर घातली: मुलींच्या सध्याच्या लग्नांबद्दल या अभ्यासातून काहीही निष्कर्ष काढता येणार नाही.