उंबऱ्यावरून घेतलेलं घर

गेल्या जानेवारीत लालबागला एका वन रूम किचनचा व्हिडिओ केला. तिसरा मजला, कार्पेट 270 चौरस फूट. घर विकणाऱ्या काकू म्हणाल्या, "मोठं दिसू दे हां." मोबाईल 0.5x वर ठेवून कोपऱ्याला पाठ टेकली, तर खोलीचा हॉल झाला. पण कडेचं कपाट फाकलं, दाराची चौकट कलली. असे व्हिडिओ पाहून आलेली माणसं दारातूनच परत फिरतात, हे आधी दोनदा बघितलं होतं. म्हणून ते शूटिंग पुसून टाकलं.

1x वर खोली मावेना. मग मीच बाहेर सरकलो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. चौकटीतून घेतलं की दोन पावलांचं अंतर आयतं मिळतं, आणि पलंग, खिडकी, मोरी कुठे आहे हे एका नजरेत कळतं. मोबाईल ओट्याच्या वर वीतभर आणि अगदी सरळ धरतो. खाली झुकवला की भिंती तिरक्या होतात.

खिडकी पूर्वेची, म्हणून सकाळी दहाची वेळ घेतली. एक्सपोजर खोलीवर लॉक केलं, नाहीतर खिडकीकडे वळताच घर काळवंडतं. मोरीत ट्यूब लावावीच लागली. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर भलत्याच वेगावर असलं की भिंतीवर पट्टे सरकतात. 25 फ्रेम आणि 1/50 ठेवलं की ते जातात.

मोबाईल धरून चालणं मात्र मी आमच्या मच्छीमार नगरात शिकलो. गिंबल हाताचा थरकाप खातो, पावलागणिक होणारी वरखाली नाही. बाबांच्या होडीवर पाटी घेऊन चालताना गुडघे सैल ठेवावे लागत, टाच आधी टेकवून वजन हळूच पुढे न्यावं लागे. तेच इथे करतो. वळायचं असेल तर आधी थांबतो, मग वळतो.

पैशांचं बोलणं काकूंच्या भाच्याने केलं. "चौरस फुटाला दहा रुपये घ्या." म्हणजे 2,700. मी त्याला तास मोजून दाखवले: पाहणी आणि शूट तीन, येणं-जाणं दोन, एडिट चार. नऊ तासांचे 400 प्रमाणे 3,600, वर टॅक्सीचे 400. लहान घराला वेळ कमी लागत नाही. तिथे एका कोनासाठी खुर्ची, पिंप, दोरीवरचे कपडे सगळं हलवावं लागतं, आणि परत जागेवर ठेवावंही लागतं. त्याला पटलं.

अर्धे पैसे आधीच घेतो. एका दलालाने व्हिडिओ लावला, घर विकलं, आणि माझे पैसे बुडवले, तेव्हापासून. पाहायला पाठवतो त्या व्हिडिओवर माझं नाव आडवं छापलेलं असतं. बाकी पैसे आले की बिननावाचा देतो. बदल दोनदा फुकट. काकूंनी एकच सांगितला: देव्हारा आधी दाखव.