अब्बांचा ळ

अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. देवनागरी ते पुढे एसटीच्या पाट्या आणि वर्तमानपत्रांचे मथळे वाचत शिकले. वाचायला अडचण नव्हती, पण लिहायची वेळ आली की हात अडखळायचा. त्यांच्या चिठ्ठ्यांमधूनच मला एक गोष्ट सुचली: कोकणातल्या एका बापाचे मस्कतमध्ये नर्स असलेल्या मुलीला गेलेले मेसेज. मुलीचं उत्तर कुठेही छापायचं नाही. ती काय म्हणाली असेल हे बापाच्या पुढच्या मेसेजवरून वाचकानेच ओळखायचं.

बाप उर्दूत का लिहीत नाही? मुलगी मराठी माध्यमात शिकलेली. तिला उर्दू अक्षर लावून लावून वाचावं लागतं. म्हणून तो तिच्या लिपीत लिहितो. इथेच त्याच्या चुका सुरू होतात, आणि गोष्टही.

असे मेसेज लिहिताना बरेच लेखक वाटेल तिथे शुद्धलेखन मोडतात. मग म्हातारा फक्त हास्यास्पद दिसतो. खऱ्या माणसाच्या चुकांना कारण असतं. उर्दू लिपीत ळ नाही, ण नाही, आणि ह्रस्व इ साधारणपणे लिहितच नाहीत, वाचणारा ती मनाने भरतो. तेव्हा माझा बाप ळच्या जागी ल लिहितो, णच्या जागी न, आणि ह्रस्व इ गाळतो. खरं तर ह्रस्व उसुद्धा गळायला हवा. पण 'तुला'चं 'तला' झालं की वाचक थबकतो, म्हणून तो मी शाबूत ठेवला. तीनच चुका, पण प्रत्येक वेळी त्याच.

पहिला मेसेज असा:

"पैसे मलाले. अम्मीला सांगतले. जेवन वेलेवर कर."

दुसरा पहाटे साडेपाचचा, फजरनंतरचा. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, हे त्याने पाठ केलंय:

"आता तकडे चार वाजले. झोपली असशील. उठलीस की बघ. कालजी नको."

असे सात-आठ मेसेज जाऊ द्यावे लागतात. तेवढ्यात वाचकाला 'कालजी'ची सवय होते, ती चूक वाटेनाशी होते. मधे एकदा "डोल्यात पानी येते. म्हातारपन. बाकी ठीक." असं येतं. मग मुलीने यायची गोष्ट काढलेली दिसते, कारण बाप लिहितो, "तकीट काढू नको. रजा वाचव."

त्यानंतर दोन दिवस काहीच नाही. आणि मग हा मेसेज:

"आम्ही दोघेही व्यवस्थित आहोत. काळजी करू नकोस. कामाकडे लक्ष दे."

नंबर अब्बांचाच आणि मजकूरही त्यांच्याच मनातला. पण 'काळजी'तला ळ जागच्या जागी आहे. मुलीला तेवढं पुरतं. फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात आहे, म्हणजे अब्बांना तो धरता येत नाहीये. हॉस्पिटल, पुतण्या, सलाईन यातलं काहीही मी लिहिलेलं नाही. पुढचा मेसेज चार दिवसांनी येतो, पुन्हा त्यांच्या हातचा:

"तुला कसे कलले."

प्रश्नचिन्ह नाही. शोधत बसायला त्यांना वेळ कुठे!

इथे एक व्यावहारिक अडचण होती. हल्ली कीबोर्ड आपणहून बरोबर शब्द सुचवतो, मग 'कालजी' टिकेलच कशी? मी निरखून पाहिलं. अब्बांच्या वयाच्या माणसाची नजर बोटाखालच्या अक्षरावर असते, वरच्या पट्टीत काय सुचवलंय तिकडे ती जातच नाही. मात्र बापाला माइकवर बोलून मेसेज पाठवायला लावलं असतं तर गोष्ट उभीच राहिली नसती. कोकणी वळणाचा उच्चार ऐकून यंत्राने भलतेच शब्द उमटवले असते, आणि त्या चुका यंत्राच्या झाल्या असत्या, बापाच्या राहिल्या नसत्या.

शेवट कुठे करावा यावर बरेच दिवस घोळत होतो. "तुला कसे कलले" वर थांबलं तर टाळी मिळते. पण त्यात मुलगी हुशार ठरते आणि बाप पकडला जातो. मला ते आवडलं नाही. म्हणून आणखी एक मेसेज ठेवला:

"कती वाजता उतरशील. गाडी पाठवतो."

तो स्वतः न्यायला येणार नाही, गाडी पाठवणार आहे. किती बरा झालाय ते यावरून समजावं.

गोष्ट आता दिवाळी अंकाकडे जाईल. सोबत संपादकांना वेगळं पत्र लिहिलंय: मेसेजमधलं शुद्धलेखन कृपया सुधारू नये, फक्त एका मेसेजमध्ये ळ आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. मुद्रितशोधकाने सवयीने दुसऱ्या मेसेजमधली 'कालजी' नीट केली, तर मस्कतमधल्या मुलीला काहीच कळणार नाही.