लेकरू कोणाकडे ठेवायचं? आजी, बाई की पाळणाघर



आपल्या बैठकांत स्त्रीमुक्तीवर भाषणं होतात, पण कामावर जाणाऱ्या बाईचं दीड वर्षाचं लेकरू दिवसभर कोण सांभाळतं, हा विषय 'घरचा' म्हणून बाजूला राहतो. तो घरचा विषय नाही. मूल सांभाळणं हे श्रम आहे. ते कोणीतरी करतंच, आणि त्याचा मोबदला कोणीतरी देतंच किंवा बुडवतंच. म्हणून 'मुलासाठी चांगलं काय' या प्रश्नाला जोडून 'हे श्रम कोण करणार आणि कोणाच्या जिवावर' हाही प्रश्न विचारायला हवा. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी हा हिशेब मांडला. तो इथे देते.

आमची परिस्थिती आधी सांगते. मी पुण्यात एका सामाजिक संस्थेत काम करते, पगार २४ हजार. जोडीदार एका कंपनीच्या गोदामात, पगार २८ हजार. लेक तेव्हा १ वर्ष ५ महिन्यांची. आम्हाला सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आठवड्यातून सहा दिवस, तिच्याजवळ माणूस हवं होतं. म्हणजे महिन्याला साधारण २३४ तास.

पहिला पर्याय आजी. 'आईला बोलावून घे' हे सगळ्यांनी सांगितलं, कारण त्यात पैसे लागत नाहीत. पण पैसे लागत नाहीत म्हणजे किंमत लागत नाही असं नव्हे. माझी आई ६२ वर्षांची, परभणी जिल्ह्यात राहते. तिचे गुडघे दुखतात आणि तिला साखरेची गोळी चालू आहे. तिचा बचतगट आहे, तिच्या मैत्रिणी आहेत, पौर्णिमेला विहारात तिची हजेरी असते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात राबून आता कुठे तिला स्वतःचा दिवस मिळालाय. ती पुण्याला आली तर बाबांचं जेवण कोण करणार? भावजय. म्हणजे माझ्या घरचं काम आईकडे आणि आईचं काम भावजयीकडे. काम कमी झालं नाही, फक्त एका बाईकडून दुसरीकडे सरकलं.

आणि दीड वर्षाचं मूल म्हणजे पाळण्यातलं बाळ नव्हे. ते पळतं, खुर्चीवर चढतं, जमिनीवरचा शेंगदाणा तोंडात घालतो आणि तो श्वासनलिकेत अडकू शकतो. दिवसातून तीस वेळा खाली वाकून उचलणं दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नाही. मग थकलेली आजी मोबाइल हातात देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला स्क्रीनपुढे बसवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलालाही दिवसाला एक तासाच्या वर नको. पण आपण कोणत्या तोंडाने तिला हे सुनावणार? जिला आपण पैसे देत नाही आणि सुट्टीही देत नाही, तिला नियमही सांगता येत नाहीत. आजीचा पर्याय तिथे चालतो, जिथे ती जवळच राहते, तब्येत चांगली आहे, तिने स्वतः 'आण' म्हटलंय आणि दिवसातले तीन-चार तासच मागायचे आहेत. आईला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "चार दिवस येते. कायमची नको म्हणू गं." उत्तर स्पष्ट होतं.

दुसरा पर्याय घरी येणारी बाई. शेजारच्या वस्तीतल्या एक मावशी तयार होत्या. महिना ९ हजार, सहा दिवस, ९ ते ६. माझ्या पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग त्यात जाणार होता आणि तरी त्यांच्या पदरात तासाला ३८ रुपयेच पडणार होते. मी विचारलं, "तुमची धाकटी साडेतीन वर्षांची आहे ना, ती कोणाकडे?" त्या म्हणाल्या, "मोठी आहे की अकरा वर्षांची. ती बघते." मोठीची शाळा? "जाते अधूनमधून."

इथे मी थांबले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी २००० साली 'काळजीची जागतिक साखळी' ही कल्पना मांडली. श्रीमंत देशातल्या बाईचं मूल गरीब देशातून आलेली बाई सांभाळते, तिचं मूल तिच्या गावी तिची मोठी मुलगी सांभाळते, आणि साखळी जसजशी खाली जाते तसतसा काळजीचा मोबदला घटत शेवटी शून्य होतो. एम.ए.ला मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. ती साखळी आमच्या दोन गल्ल्यांत पूर्ण होत होती आणि तिच्या शेवटच्या टोकाला एका मुलीची शाळा होती.

कोणी म्हणेल, तुम्ही नाही ठेवलं तर त्या दुसरीकडे जातील, मग फरक काय? बरोबर आहे. बाई ठेवणं हा गुन्हा नाही, ते त्यांचं उत्पन्न आहे. पण ठेवायचं तर आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा, ठरलेले तास आणि त्यांच्या मुलाची सोय हे धरूनच आकडा काढा. आमच्या दोघांच्या ५२ हजारांत तो आकडा बसत नव्हता. शिवाय या व्यवस्थेत एक अडचण आहे. बंद दाराआड एक मोठं माणूस आणि एक न बोलणारं मूल. काय घडलं ते पाहणारं तिसरं कोणी नाही आणि त्या आजारी पडल्या तर बदली माणूसही नाही.

तिसरा पर्याय पाळणाघर. आम्ही तीन पाहिली. पहिल्या ठिकाणी फोनवरच सांगितलं, "डब्यात अंडं, मासे नकोत. बाकी पालकांना चालत नाही." मी विचारलं, "कोणा मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का?" तसं काही नव्हतं. अंडं हे आपल्यासारख्यांना परवडणारं चांगलं प्रथिन. आणि दीड वर्षाच्या मुलीला तिचं जेवण रोज लपवण्यासारखं आहे हे शिकवायला मी पैसे का भरू? ते नाव यादीतून खोडलं.

उरलेली दोन ठिकाणं आधी सकाळी वेळ घेऊन पाहिली, नंतर न सांगता दुपारी दीडला गेलो. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात. खरी परीक्षा दुपारची, जेवणानंतर मुलं झोपतात आणि माणसंही सैलावतात तेव्हाची. एका ठिकाणी अकरा मुलं टीव्हीपुढे होती, त्यांच्यापाशी एकच ताई, आणि दाराला आतून कडी नव्हती. दुसऱ्या ठिकाणी चौदा मुलं होती, त्यातली पाच तीन वर्षांखालची. दोन ताई आणि एक मदतनीस. मुलं सतरंजीवर झोपलेली आणि एक ताई जागी राहून त्यांच्याजवळ बसलेली. भिंतीला वही टांगलेली होती. कोणी किती खाल्लं, लंगोट कधी बदलला, कोण घ्यायला आलं, सगळं वेळेनिशी.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष दिले. तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि सोबत मदतनीस, असं त्यात आहे. ते कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी असले तरी गल्लीतलं पाळणाघर जोखायला मोजपट्टी म्हणून वापरता येतात. माझ्या मते दोन वर्षांखालच्यांसाठी दहा हा आकडाही जास्तच आहे. एका बाईला अशी चार-पाच मुलंच नीट पाहता येतात.

या पाळणाघराची फी साडेसहा हजार. चौदा मुलांचे ९१ हजार होतात. त्यातून जागेचं भाडं, वीज, आणि तिघींना प्रत्येकी १२ हजार पगार. जो पगार एकटं घर देऊ शकत नाही, तो चौदा घरं मिळून देऊ शकतात. तिघी एकमेकींवर लक्ष ठेवतात आणि एक आजारी पडली तरी दार उघडतं. आम्ही हेच निवडलं.

पहिल्या आठवड्यात रजा काढून मी रोज एक तास तिच्याबरोबर तिथे बसले. दुसऱ्या आठवड्यात ती दोन-तीन तास एकटी राहिली, तिसऱ्यात पूर्ण दिवस. सोडताना मूल रडतं, ते स्वाभाविक आहे. दहा-पंधरा मिनिटांत रडणं थांबतं का, हे ताईला फोनवर विचारावं. तीन-चार आठवड्यांनंतरही मूल खेळायला लागत नसेल, संध्याकाळी रोज अधाशासारखं खात असेल, सकाळचाच लंगोट ओला असेल, विशिष्ट माणूस दिसताच आक्रसत असेल, किंवा न आजारता गुंगीत असल्यासारखं झोपत असेल, तर 'सवय होईल' म्हणू नका. न सांगता जा, पाहा आणि गरज वाटली तर त्याच दिवशी काढा.

पाळणाघराचा कच्चा दुवा म्हणजे आजारपण. मुलं एकत्र आली की पहिले काही महिने सर्दी-ताप फिरत राहतो आणि ताप असला की घेत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत लेक अकरा दिवस घरी होती. तिला ठेवायच्या आधीच आम्ही कागदावर लिहिलं होतं की अशा रजा आळीपाळीने घ्यायच्या. सहा त्याने घेतल्या, पाच मी. गोदामातला साहेब त्याला म्हणाला, "बायको नाही का घरी?" आजी, बाई की पाळणाघर, या प्रश्नात बाप कुठेच नसतो. तो आणल्याशिवाय कुठलाच पर्याय उभा राहत नाही.

आता राहिला मालक आणि सरकार. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे तो भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. विचार तोच पुढे न्यायचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. त्यात दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाण्याचा हक्क आहे, पण तो फक्त आईला. बापाला नाही. आणि १८ माणसांची माझी संस्था, धुणीभांडी करणारी मावशी, नाक्यावरची मजूर बाई या सगळ्या त्या ५० च्या बाहेर.

त्यांच्यासाठी सरकारी वाट एकच दिसते. २०२२ पासून मिशन शक्तीखालच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवायची तरतूद आहे. आमच्या वस्तीत अंगणवाडी आहे, पण ती काही तासच उघडी असते. जोडून पाळणाघर नाही. आम्ही दहा-बारा बाया मिळून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज देतोय. त्यात दोन मागण्या आहेत. पाळणाघर कामाच्या पूर्ण वेळेत उघडं असावं आणि तिथल्या कार्यकर्तीला मानधन नाही, पगार मिळावा. अर्जावर त्या मावशींचाही अंगठा आहे. ते पाळणाघर झालं तर त्यांची धाकटी तिथे जाईल आणि मोठी शाळेत.

तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन विचारा, इथे पाळणा मंजूर आहे का? नसेल तर अर्ज करा, आणि त्यावर बापांच्याही सह्या घ्या.

जयभीम!