आत्याला लिहायचे परवानगीचे पत्र

घरी केलेले चित्रीकरण सर्वांसाठी खुल्या व्हिडिओत वापरण्याआधी त्यात दिसणाऱ्या नातेवाइकाची परवानगी घ्यावी लागते. परक्या माणसाकडे अशी परवानगी मागितली तर तो चार प्रश्न विचारतो, अटी घालतो, पटले नाही तर नकार देतो. नातेवाईक मात्र बहुतेक वेळा भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. म्हणून या पत्राची सगळी घडण एकाच गोष्टीवर ठरते: वाचणाऱ्याला नकार द्यायला सोपी वाट ठेवली आहे की नाही. ती नसेल, तर आलेल्या होकारावर विसंबता येत नाही.

एक नमुना घ्यावा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, बारशाच्या निमित्ताने, पंचाहत्तरीची आत्या जात्यावर बसून ओव्या म्हणते. भाचा मोबाइलवर बावन्न मिनिटे चित्रीकरण करतो. पुढे त्यातला चार मिनिटांचा व्हिडिओ त्याला यूट्यूबवर टाकावासा वाटतो. चित्रीकरण चालू असताना आत्याने फोन पाहिला होता, हरकत घेतली नव्हती. पण ती संमती घरच्यांनी पाहण्यापुरती होती. हेतू बदलला की संमती नव्याने मागावी लागते.

कायद्यातही हाच फरक केलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा, म्हणजे सादरकर्त्याचा, हक्क आला. परंपरेने चालत आलेल्या ओवीची मालकी कुणा एकाकडे नसते. ती गाणारी आत्या मात्र या कायद्याच्या व्याख्येत बसते. त्यासाठी व्यावसायिक गायिका असावे लागत नाही. स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेल्या चित्रीकरणाला कायदा सूट देतो, लोकांपुढे ठेवण्यासाठी मात्र सादरकर्त्याची संमती लागते. आत्याला पत्रात यातले काही सांगू नये. कलमांची भाषा दिसली की आपल्यावर काहीतरी बालंट आले आहे, असे तिला वाटेल.

पत्र व्हिडिओ पूर्ण जोडून झाल्यावर, पण तो टाकण्याआधी लिहावे. ‘तुझा एक व्हिडिओ टाकायचा आहे’ एवढ्यावर मिळालेली परवानगी निरुपयोगी असते, कारण बावन्न मिनिटांतली कोणती चार मिनिटे, हे तिला कळलेलेच नसते. पत्र असे असू शकते:

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

बारशाला आलो होतो तेव्हा तू जात्यावर ओव्या म्हटल्यास आणि मी ते फोनवर घेतलं. तेव्हा ते घरच्यांसाठी म्हणून घेतलं होतं. आता त्यातला चार मिनिटांचा भाग यूट्यूबवर टाकावा असं मनात आहे. तिथे टाकला की ओळखीचा, अनोळखी, कुणीही माणूस तो पाहू शकेल. म्हणून आधी तुला विचारतोय.

टाकायचा आहे तोच व्हिडिओ वहिनीच्या फोनवर पाठवलाय, सवडीने बघ. आधी तू जातं पुसतेस, मग तीन ओव्या आहेत, मग लग्नानंतरच्या दिवसांचं बोलतेस. सासूबाईंनी उपाशीपोटी दळायला बसवलं, ती गोष्ट त्यात आहे. ती नको असेल तर तेवढी काढतो, बाकीचं काही बिघडत नाही. तुझं आणि गावाचं नाव तू सांगितलंस तरच देईन. यातून मला पैसे मिळत नाहीत. पुढे मिळणार असतील तर आधी तुला विचारेन.

टाकल्यावर नको वाटलं तर सांग, त्याच दिवशी काढीन. पण तोवर कुणी तो उतरवून घेऊन पुढे पाठवला असेल, तर ते परत आणणं माझ्या हातात नाही.

घाई नाही. भाऊबीजेला बाबांना घेऊन येतोच आहे, पण तेव्हा हा विषय काढणार नाही. नंतर सवडीने कळव. काही कळवलं नाहीस तर नको असं समजेन. मला सांगायला जड वाटलं तर ताईला सांग.

तुझा भाचा

या पत्रात आत्याला ‘तू’ म्हटले आहे, कारण भाचा तिच्याशी तसाच बोलतो. ज्या घरात आत्याला ‘तुम्ही’ म्हणतात तिथे ‘तुम्ही’च लिहावे. एरवी ‘तू’ म्हणणाऱ्याने अचानक ‘आपण’ लिहिले तर पत्र कचेरीतून आल्यासारखे वाटते. मायन्यातही आत्याच्या नावामागे ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ लावण्याची गरज नसते. ‘ती. आत्यास’ पुरेसे आहे.

सर्वांत नाजूक जागा सासूच्या गोष्टीची. ती आत्याची असली तरी तिच्यात दुसरे माणूस आहे, आणि त्या माणसाची मुले, म्हणजे आत्याचे दीर-नणंदा, आजही त्याच गावात असतील. बोलण्याच्या ओघात निघून गेलेले वाक्य आणि जगापुढे राहणारे वाक्य यांत मोठे अंतर आहे, आणि आत्या ते अंतर एकदा ऐकूनच मोजू शकते. म्हणून असा भाग पत्रात नाव घेऊन दाखवावा. व्हिडिओ पाहताना तिच्या लक्षात येईल, या भरवशावर सोडू नये. काढण्याची तयारी आधीच सांगितली की तिला मागणी करावी लागत नाही. चौकटीत दिसणाऱ्या इतरांसाठी आत्याची परवानगी चालत नाही. मागे वावरणाऱ्या सुनेला वेगळे विचारावे. पाळण्यातल्या बाळासाठी त्याच्या आईवडिलांना विचारावे, किंवा तो भाग धूसर करावा. यूट्यूबच्या संपादकात ती सोय आहे.

काही जण मधला मार्ग म्हणून व्हिडिओ Unlisted ठेवतात. तो शोधात सापडत नाही, पण दुवा हाती असलेला कुणीही तो पाहू शकतो आणि दुवा पुढे पाठवू शकतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकलेला दुवा गावभर फिरायला वेळ लागत नाही. तेव्हा Unlisted साठीही परवानगी हवीच. निवडक माणसांनीच पाहायचे असेल तर Private हा पर्याय आहे.

आत्याला वाचता येत नसेल, तर पत्र वाचून दाखवणारा माणूस व्हिडिओशी संबंध नसलेला असावा. भाच्याने स्वतः वाचून दाखवले तर पुन्हा तीच भीड आड येते. आत्याच्या मुलाने परस्पर ‘टाक रे, तिला काय कळतंय’ म्हटले, तर ती परवानगी धरू नये. आठवण क्षीण झालेल्या वृद्धाच्या बाबतीत प्रश्न अधिक कठीण होतो: आज दिलेला होकार उद्या त्याला आठवत नसेल, तर व्हिडिओ घरातच ठेवणे रास्त.

उत्तर कसे येते, याकडेही लक्ष द्यावे. ‘तुला हवं तसं कर’, ‘तुझ्या शब्दाबाहेर मी आहे का’, ‘आता काढलंच आहेस तर टाक’ ही तिन्ही उत्तरे होकारासारखी ऐकू येतात, पण त्यांत आत्याची स्वतःची इच्छा कुठे दिसत नाही. खरा होकार बहुधा तपशिलाला धरून येतो: ‘टाक, पण सासूचं काढ’, किंवा ‘डोक्यावरचा पदर ढळलाय तेवढं कापता येईल का?’ असे उत्तर आले म्हणजे तिने व्हिडिओ पाहिला आहे, आणि आपण अट घालू शकतो हे तिला उमगले आहे.

सांगितलेला बदल करून नवा व्हिडिओ तिला एकदा पुन्हा दाखवावा, मगच टाकावा. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरी फाइल बसवता येत नाही, त्यामुळे दुरुस्ती आधीच झालेली बरी. आत्याचे उत्तर, मग ते चिठ्ठी असो वा आवाजी संदेश, मूळ चित्रीकरणाबरोबर जपून ठेवावे. उरलेल्या अठ्ठेचाळीस मिनिटांतले काही पुढे वापरायचे झाले तर त्यासाठी नवे पत्र लिहावे.