जुना फ्रिज खरंच वीज खातो का? आधी मोजा!

"पंधरा वर्षांचा फ्रिज? अहो, निम्मं बिल तोच खातोय!" दुकानदार असं म्हणाला की आपण लगेच हप्ते विचारतो. मंडळी, थांबा. प्लगमध्ये बसणारा वीजमीटर आणा, त्यात फ्रिजची पिन लावा.

स्क्रीनवरचे वॅट बघून घाबरू नका. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो, त्यामुळे आकडा वरखाली होणारच. बघायचे ते kWh, म्हणजे युनिट. तेही तासाभराचे नाही. तीन दिवस, रोजच्यासारखा वापर ठेवून.

आमच्या एकदारी फ्रिजने 72 तासांत 3.9 युनिट घेतले. दिवसाला 1.3, वर्षाला साधारण 475. नव्याच्या स्टार लेबलवर वर्षाचे 165 होते. वाचणार 310 युनिट. वाचलेले युनिट बिलाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून दर तिथलाच धरायचा. 10 रुपयांनी 3,100 रुपये. फ्रिज 16,000 चा, म्हणजे वसुलीला पाच वर्षं.

मग दारात कागद अडकवून ओढला, अलगद निघून आला. रबर सैल! ते बदलून पुन्हा तीन दिवस मोजलं : बरोबर 3 युनिट. आता बचत उरते 200 युनिटची, आणि वसुली आठ वर्षांची. फ्रिज ठेवला.

एक लक्षात ठेवा, डिसेंबरचा आकडा मे महिन्यात चालत नाही. उन्हाळ्यात परत मोजा. लेबलवरचा आकडाही ठरावीक चाचणीतला असतो, तुमच्या स्वयंपाकघरातला नव्हे.