चिखलदऱ्याचे आधण

पाण्यातून निसटणारे आणि पुन्हा पाण्यात परतणारे रेणू सारखेच झाले की त्या वाफेचा जो दाब असतो, त्याला बाष्पदाब म्हणतात. तो तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो आणि भोवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याला उकळी फुटते. त्याआधी भांड्याच्या कडेला दिसणारे बारीक बुडबुडे बहुतांशी विरघळलेल्या हवेचे असतात. मग तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होऊ लागतात, परंतु वरच्या थंड पाण्यात शिरताच त्यांतील वाफ निवते आणि बाहेरचा दाब त्यांना चिरडतो. आधण येण्यापूर्वी पातेले जे गुणगुणते, ते याचमुळे.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 1013 हेक्टोपास्कल असल्याने पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, मात्र उंचीवर डोक्यावरच्या हवेचा थर कमी भरतो आणि त्याचे वजनही घटते. वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याची उंची ढोबळमानाने 400 मीटर धरली, तर तेथे दाब 966 च्या आसपास राहतो आणि पाणी 98.7 अंशांच्या सुमारास उकळते. मेळघाटातील चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे. तेथे दाब 890 पर्यंत उतरतो आणि पाण्याचा बाष्पदाब त्याला 96.4 अंशांच्या सुमारासच गाठतो.

प्रस्तुत लेखकाला चिखलदऱ्याच्या मुक्कामात याचा प्रत्यय तुरीच्या डाळीने दिला. उघड्या पातेल्यात डाळ खळखळत होती, परंतु मानोऱ्यात जेवढ्या वेळात ती बोटांत विरघळते, तेवढ्यात येथे कणी राहिली. आच वाढवली तेव्हा पाणी अधिक जोराने उसळले आणि लवकर आटले, तरी थर्मामीटरचा पारा 96 अंशांच्या थोडा वरच थबकला होता. उकळते पाणी मिळालेली जादा उष्णता वाफ होण्यात खर्च करते, त्यामुळे आच मोठी करून डाळ लवकर शिजत नाही, इंधन तेवढे जळते. थर्मामीटर मात्र पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नये, अन्यथा तो तळाचे तापमान दाखवतो. शिवाय हवामानानुसार दाब पाच-दहा हेक्टोपास्कलने बदलतो, त्यामुळे दशांशातील फरकावर फार विसंबता येत नाही.

प्रेशर कुकर उंचीमुळे पडणारा हा फरक पुसतो अशी समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे. शिट्टीचे वजन बाहेरच्या दाबावर ठरावीक भर घालते, बाहेरच्या दाबाची उणीव भरून काढत नाही. ही भर सुमारे 980 हेक्टोपास्कल मानली, तर कुकरमधील तापमान मानोऱ्यात 119 च्या थोडे वर आणि चिखलदऱ्यात 118 च्या थोडे वर निघते, म्हणजे उघड्या पातेल्यातील दोन अंशांहून अधिक तफावत जवळपास एका अंशावर येते.