पानमळा ते विठ्ठलवाडी

पानमळ्याजवळ तळं साचलं होतं. त्यातून बाहेर पडलो आणि अण्णांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर दोनदा आचके देऊन गप्प झाली. रात्रीचे साडेदहा. आषाढातला पाऊस, ऑफिसातलं मार्चचं अजून न निस्तरलेलं ऑडिट, आणि सिंहगड रोडवर सगळी शटरं खाली. मी पंधरा-वीस किका मारल्या. "पुरे," अण्णा म्हणाले, "ठिणगी नसताना नुसतं पेट्रोल पाजतोयस तिला."

मग न्यूट्रल करून ढकलायला लागलो. हँडल माझ्याकडे, अण्णा मागे, स्टेपनीला हात लावून. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो आम्ही, पण एकत्र असं कधी चाललो नव्हतो. ढकलण्यात एक सोय असते, एकमेकांचं तोंड दिसत नाही. राजाराम पुलापाशी दम खायला थांबलो तेव्हा अण्णा मागूनच म्हणाले, "लेजरमधले आकडे विरघळल्यासारखे दिसतात रे हल्ली. तीन आणि आठ सारखेच." रोज संध्याकाळी ते माझ्याकडे रजिस्टर सरकवायचे, "तू बघ रे एकदा," म्हणायचे. मला वाटायचं, शिकवतायत.

"घरी सांगितलंत?"

"दोन वर्षं राहिलीत रिटायरमेंटला." एवढंच. स्कूटर पुन्हा सरकली.

विठ्ठलवाडीच्या पुढे एक शटर अर्धवट उघडं होतं, आत पिवळा दिवा. मेकॅनिक जेवायच्या तयारीत होता; डबा झाकून उठला. साइड कव्हर काढलं, पान्यानं प्लग खोलला, वास घेतला. "न्हायलाय नुसता." पेट्रोलचा कॉक बंद करून चार किका मारल्या, सिलिंडरमधलं साचलेलं पेट्रोल प्लगच्या भोकातून उडालं. प्लग पुसला, टोपीत अडकवून इंजिनाच्या हेडला टेकवला, आणि पोराला म्हणाला, "लाइट घालव."

अंधार झाला. त्यानं किक मारली. प्लगच्या तोंडाशी काहीच नाही. पण वर रबरी टोपीला जिथं केसाएवढी चीर होती तिथून एक निळा धागा हेडच्या पात्यावर उडाला आणि विझला. प्लग ठणठणीत होता. चिरेत पाणी शिरलं होतं, आणि करंट वाटेतच बॉडीत उतरत होता.

"दिसली का?"

"दिसली," मी म्हणालो.

अण्णा वाकले. चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा वाकले. मेकॅनिकनं आणखी एक किक मारली. आणखी एक.

"हो, हो. दिसली."

लाइट आला. वायरचं काळवंडलेलं टोक अर्धा इंच कापून त्यानं नवी टोपी पिळून बसवली. तिसऱ्या किकला स्कूटर धूर ओकत सुरू झाली. पैसे अण्णांनीच दिले. नोट मात्र आधी माझ्यापुढे धरली, मग त्याच्या हातात ठेवली.

बाहेर पाऊस तसाच होता. अण्णा मागच्या सीटवर जाऊन बसले.

"चल. घरापर्यंत तूच ने."